शेवटच्या रकान्यातले साठ

कारखान्यात मला सगळे मास्तर म्हणायचे. मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं आणि शिकलो होतो तेही काठावर. मॅट्रिकला गणितात नेमके पस्तीस मिळाले होते. तेही तपासणाऱ्याला दया आली म्हणून, असा माझा आजही संशय आहे. पण आमच्या प्रेस खात्यात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. त्यामुळे कुणाचं बँकेचं पत्र, कुणाच्या भावाची मुंबईहून आलेली तार, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. मी डबा खाता खाता वाचून दाखवायचो. जे समजायचं नाही तेही समजल्यासारखं सांगायचो. 'मला येत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून त्या काळी निघत नव्हतं, आणि या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

कारखाना रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, नव्या औद्योगिक वसाहतीत होता. एकोणीसशे ऐंशी उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही आमरसासाठी पत्र्याचे डबे करायचो. आमच्या खात्यात झाकणं कापणारे प्रेस होते, ओळीने नऊ. एक प्रेस मिनिटाला किती ठोके मारतो हे कधी मोजलं नाही, पण सुट्टी झाल्यावरही ते ठोके कानात चालू असायचे, आणि ठोके थांबले की बारीक शिट्टी सुरू व्हायची. जेवताना ती ऐकू यायची. सगळ्यांनाच यायची, म्हणून कुणी तिच्याबद्दल बोलत नसे.

मला त्या खात्यात दादाने आणलं. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. आमच्याच वाडीतला, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा, चौथीपर्यंत शिकलेला. कारखाना उघडला त्या महिन्यापासून तो प्रेसवर होता. मी मॅट्रिक होऊन घरात बसलो होतो आणि मुंबईला जायचं की नाही यावर रोज भांडणं चालली होती, तेव्हा त्याने मॅनेजरला जाऊन सांगितलं, की आमच्याकडे एक शिकलेला पोरगा आहे. पहिल्या दिवशी त्याने मला स्वतःच्या शेजारच्या प्रेसवर उभं केलं आणि पत्रा सरकवताना बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. माझी दहाही बोटं आज शाबूत आहेत ती त्याच्यामुळे. आमच्या खात्यात सगळ्यांना हे म्हणता येत नाही.

एका वर्षी कंपनीच्या ठाण्याच्या मोठ्या कारखान्यातून एक सिस्टर आल्या. ठाण्याला त्या कायमच्या होत्या, आमच्याकडे वर्षातून दोनदा यायच्या. त्या मूळच्या कोल्हापूरकडच्या. बोलणं स्वच्छ, खणखणीत. हॉस्पिटलातल्या सिस्टर आजारी माणसं बघतात, मी कामावरची माणसं बघते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्याबरोबर एक डॉक्टर आणि कान तपासायचं एक यंत्र आलं होतं. ऑफिसच्या मागची पाहुण्यांची खोली बंद करून, खिडक्यांवर घोंगड्या टाकून त्यांनी एकेकाला आत बसवलं. कानांवर हेडफोन. त्यात टूं असा आवाज यायचा, कधी जाड, कधी बारीक. ऐकू आला की बोट वर करायचं. वजन, रक्त, ब्लडप्रेशर हेही झालं. दोनेक महिन्यांनी ठाण्याहून प्रत्येकाच्या नावाचा रिपोर्ट आला. सगळा इंग्रजीत. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर रांग लागली.

रक्ताचं मी कसंबसं निभावलं, कारण तिथे शेजारी कंसात किती ते किती असावं हे छापलेलं होतं. कानाच्या ओळीत कंस नव्हता. डावा कान, उजवा कान, आणि प्रत्येकापुढे चार रकाने. चार रकान्यांत चार आकडे. मी तो कागद बघितला आणि मला माझी गुणपत्रिका दिसली. विषयवार आकडे, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. त्यात अवघड काय होतं? पस्तिसाला पास, पंचेचाळिसाला सेकंड क्लास, साठाला फर्स्ट क्लास. मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून निकाल जाहीर करायला लागलो.

पोरगेलेसे दोघेतिघे नुकतेच लागले होते, त्यांचे पंधरा, दहा, वीस. नापास. मी त्यांना सांगितलं, की बाबांनो, कानांकडे बघा जरा, या वयात ही दशा. जुन्या माणसांचे चाळीस, पन्नास. पास. आणि दादाच्या डाव्या कानापुढे पंधरा, वीस, तीस आणि शेवटी साठ. उजव्याचे दोन-चार इकडेतिकडे. खात्यात सगळ्यात जास्त. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "दादा, फर्स्ट क्लास." तो इतका खूश झाला की संध्याकाळी टपरीवर चहा त्याने पाजला आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा आपण कशात तरी पहिले आलो, असं तो वहिनीला म्हणाला. हे वहिनीनेच मला नंतर सांगितलं.

त्याला ऐकू कमी येतं हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्याची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, बारीक आवाजाची, बडबडी. ती सांगायची एक आणि तो उत्तर द्यायचा दुसरंच. पोरं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तो म्हणायचा. पण कागदावर साठ होते ना. कागदापुढे डोळ्यांवर विश्वास कोण ठेवतो?

सहा महिन्यांनी सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या खोलीत एक गंमत झाली. ज्यांचे कान खणखणीत अशी दोन पोरं औषध मागायला गेली. त्यातल्या एकाने घरी लसणीचं तेल गरम करून कानात ओतलं होतं आणि आत चांगलंच पोळून घेतलं होतं. उलट ज्यांची काळजी करावी असा एकही माणूस त्यांच्याकडे फिरकला नव्हता. सिस्टर हुशार. कारखान्यात कुणीतरी हे आकडे उलटे वाचतंय हे त्यांनी ओळखलं. कोण वाचतंय ते विचारलं नाही. मॅनेजरकडे जाऊन म्हणाल्या, मला सगळ्यांशी अर्धा तास बोलू द्या. म्हणजे ते भाषण झालं तेच माझ्यामुळे.

दुपारी अडीचला शिफ्ट बदलताना कॅन्टीनमध्ये आम्हाला बसवलं. जवळच्या शाळेतून फळा आणला होता. सिस्टरनी अर्धा तास प्रेस बंद ठेवायला सांगितलं होतं. मॅनेजर हो म्हणाले, आणि अर्धे प्रेस चालूच राहिले, कारण हंगाम तोंडावर होता. कॅन्टीनच्या मागच्या भिंतीला लागूनच कंप्रेसर होता, तोही धडधडत होता. पुढच्या बाकांवर पॅकिंगच्या बायका बसल्या, मध्ये आम्ही. दादा उशिरा आला, म्हणून मागे दाराजवळ उभा राहिला.

सिस्टरनी आधी रक्तातलं हिमोग्लोबिन घेतलं. हा आकडा कमी झाला तर वाईट, असं सांगून बायकांना धाप लागते का, चक्कर येते का, विचारलं. मग ब्लडप्रेशर. त्यात दोन आकडे का असतात, वरचा हृदय दाबतं तेव्हाचा आणि खालचा हृदय सैल पडतं तेव्हाचा. आणि धावत येऊन घेतलेल्या एका आकड्यावरून घाबरू नका, शांत बसून पुन्हा मोजून घ्या. इथे आकडा वाढला तर वाईट. साखरेचं तिसरंच, तिथे फार वरही नको आणि फार खालीही नको. प्रत्येक आकड्याचा प्रश्न वेगळा असतो, त्या म्हणाल्या. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका, आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून बघू नका. आपला या वर्षीचा आपल्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडा. मी मान डोलवत होतो. मला वाटत होतं, बाई बोलतात छान.

मग त्या कानावर आल्या. "या कागदावर मार्क नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू यायला यंत्राचा आवाज किती मोठा करावा लागला, ते लिहिलंय. पंधरा म्हणजे हळू आवाज पुरला. साठ म्हणजे फार मोठा करावा लागला, तेव्हा कुठे ऐकू आलं. आकडा जितका मोठा, तितका कान गेलेला."

फळ्यावर त्यांनी वर शून्य लिहिलं, त्याखाली पंचवीस, तिथे एक आडवी रेघ, आणि पार तळाशी साठ. बाजूने वरून खाली एक मोठा बाण काढला. रेघेच्या वर आहात तोवर ठीक, त्या म्हणाल्या. मग चार रकाने समजावले. पहिला जाड आवाजाचा, ढोलासारख्या. शेवटचा बारीक आवाजाचा. यंत्राच्या गोंगाटाने आधी शेवटचा रकाना बिघडतो, मग हळूहळू अलीकडचा. म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. स, श, त असली अक्षरं गळतात, आणि समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. कानातली शिट्टी हे आजार लागल्याचं लक्षण, थकल्याचं नव्हे. गेलेलं परत येत नाही, त्याला तेल नाही आणि गोळी नाही. राहिलेलं मात्र वाचवता येतं. त्यासाठी त्यांनी कानात घालायची रबरी बुचं आणली होती, ती हातात घेऊन दाखवली. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: कापूस नको. कापसाने आवाज अडत नाही, फक्त आपण काहीतरी केलं असं वाटतं.

ज्याने कान पोळून घेतला होता तो पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, की सिस्टर, मग माझे पंधरा म्हणजे मी पास ना? मला तर नापास सांगितलं होतं. सगळं कॅन्टीन हसलं. माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी म्हणालं, मास्तरांचे पेपर पुन्हा तपासा. मीही हसलो. हात जोडून, मान वाकवून, तमाशातल्या सोंगाड्यासारखं केलं, आणि माझी सुटका झाली. त्या हसण्यात मी मागे बघितलं. दाराजवळ दादाही हसत होता. तो आमची तोंडं बघून हसत होता. एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी सिस्टरनी सांगितलं, की ज्यांचा शेवटचा आकडा चाळिसाच्या वर आहे त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीत यावं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी सकाळी, प्रेसचा आवाज कानावर पडायच्या आत, त्या पुन्हा तपासणार होत्या. आणि गरज असेल त्यांना दुसऱ्या खात्यात हलवावं असं लिहून देणार होत्या, ग्रेड न बदलता, म्हणजे हुद्दा आणि पगार तोच ठेवून. 'ग्रेड न बदलता' हे शब्द मॅनेजरच्या समोर, त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. मॅनेजर खाली बघत होते.

हे ग्रेडचं मी मुद्दाम लिहितोय. कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की दादाचं ऑपरेटरपण जाऊ नये म्हणून मी गप्प राहिलो. ते खोटं आहे. सिस्टरनी ते कारण माझ्या हातातून आधीच काढून घेतलं होतं.

भाषण संपल्यावर नळावर हात धुताना दादा माझ्या शेजारी आला. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "काय सांगितलान सिस्टरनी?" त्याने विचारलं. "त्या कंप्रेसरच्या आवाजात मला काय नीट समजला न्हाय. माजे आकडे बरे हायत ना?"

माझे हात साबणाने भरलेले होते. मागे पोरं अजून माझ्यावरून खिदळत होती. खरं सांगायला पाच वाक्यं पुरली असती. दादा, माझं चुकलं. तो फर्स्ट क्लास नव्हे. तुझे सगळ्यात वाईट आहेत. उद्या सिस्टरकडे जा. मी येतो बरोबर. यातलं पहिलंच वाक्य मी बोललो नाही. ज्या माणसाने मला शिकलेला म्हणून मॅनेजरपुढे उभं केलं, त्याला मी साधा आकडा वाचू शकत नाही हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

"काय नाय रे दादा," मी म्हटलं. "कान साफ ठेवा म्हणाल्या. कापूस घाला म्हणाल्या. तुजं काय, तू फर्स्ट क्लास हायेस."

कापूस. दोनदा बजावून सांगितलेली एकच नको ती गोष्ट मी त्याला सांगितली. का, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाला आलं ते बोलून गेलो. त्याने मान डोलावली आणि पिशवी परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो घरून कापूस आणायला लागला. रोज सकाळी प्रेस चालू करायच्या आधी दोन बोळे नीट वळून कानात घालायचा. माझ्यासाठीही दोन आणायचा.

मी ते घालायचो. माझ्या खिशात सिस्टरची रबरी बुचं होती; दुसऱ्या दिवशी मी गुपचूप जाऊन घेऊन आलो होतो, माझ्या शेवटच्या रकान्यात पस्तीसच होते तरी. दादाने दिलेला कापूस मी त्याच्यासमोर घालायचो आणि तो पत्रा आणायला वळला की काढून बुचं घालायचो. हे मी केलं.

सांगायचं मनात येत नव्हतं असं नाही. रोज यायचं. सकाळी कातळावरच्या वाटेने चालत येताना ठरवायचो, की आज जेवताना सांगू. जेवताना वाटायचं, चारचौघांत नको. घरी जाताना वाटायचं, आता सिस्टर गेल्या, आता सांगून काय उपयोग, पुढच्या वेळी येतील तेव्हा बघू. दुसऱ्या कुणी त्याला सांगेल अशीही आशा होती. पण सगळे ते भाषण ऐकून बसले होते आणि दादानेही ऐकलं असं धरून चालले होते. त्यातून त्याच्याशी बोलणं ओरडून करावं लागायला लागल्यापासून लोक त्याच्याशी कामापुरतंच बोलत. एकदा मी आडून आडून म्हटलं, दादा, ती रबरी बुचं घालून बघ की. तो म्हणाला, कापूस बरा, सिस्टरनीच सांगितलाय.

त्यानंतरच्या खेपांना सिस्टर आल्या, पण कानाचं यंत्र आलं नाही. ठाण्याला बिघडलं होतं म्हणे. ज्यांनी तेव्हा नावं दिली होती त्या चौघांना गोंगाटातून काढून डब्यांना रंग देतात तिथे पाठवलं, ग्रेड न बदलता. दादा प्रेसवरच राहिला. त्याला प्रेसचा अभिमान होता. चौघे भ्याले, असं तो म्हणायचा.

दोन वर्षांनी यंत्र आलं. सिस्टरनी सगळ्यांना तपासलं आणि या वेळी रिपोर्ट पोस्टाने न पाठवता एकेकाला बोलावून हातात द्यायला लागल्या. दादा आत गेला आणि पाच मिनिटांत त्यांचा शिपाई प्रेसवर आला. म्हणाला, मास्तर, तुम्हाला बोलावलंय, त्यांना सिस्टरचं बोलणं कळत नाही, तुमचं कळतं म्हणतात.

खोलीत दादा लाकडी खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. जुना पिशवीतला होता, त्यावर घड्या पडून आकडे पुसट झालेले. डावा कान: पंधरा, वीस, तीस, साठ. नवा: वीस, तीस, पंचेचाळीस, पासष्ट. सिस्टरनी मला त्याच्या शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, मी बोलते ते त्यांच्या कानाशी, हळूहळू, जसंच्या तसं सांगा.

मी सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. शेवटच्या रकान्याचं नुकसान आधीच झालं होतं. पण तिसऱ्या रकान्यात तीस होते, ते या दोन वर्षांत पंचेचाळीस झाले, आणि माणसांचं बोलणं समजायला तो रकाना फार लागतो. उद्यापासून प्रेसवर जायचं नाही. जे उरलंय ते सांभाळायचं. एकेक वाक्य मी त्याच्या डाव्या कानापाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलत होतो. ज्या कानाला मी फर्स्ट क्लास म्हणालो होतो, त्याच कानात. तो माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होता.

मग सिस्टर माझ्याकडे न बघता, कागदावर पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "यांना विचारा, दोन वर्षांपूर्वी मी बोलावलं होतं तेव्हा ते का आले नाहीत. तेव्हा बाहेर काढलं असतं तर नक्की किती वाचलं असतं ते मी सांगू शकत नाही. पण काही तरी वाचलं असतं."

हेही मला विचारायचं होतं. मी त्याच्या कानाशी वाकलो. सिस्टरनी वर बघितलं. मी विचारलं, दादा, सिस्टर विचारतायत, तेव्हा का नाय आलास? काही तरी वाचलं असतं, हे शेवटचं वाक्य मी गाळलं. आता गाळून काय फरक पडणार होता, पण गाळलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे वळून म्हणाला, "ऱ्हायला."

बस, तेवढंच. सिस्टरनी कागदावर काही तरी लिहिलं, सही केली आणि तो त्याच्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वी आकडे कोण वाचत होतं हे त्यांना तेव्हाच कळलं असेल, असं मला आता वाटतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर ऑफिसच्या पायऱ्यांवर मी दादाचा हात धरला आणि त्याला थांबवलं. दुपारच्या शिफ्टची माणसं फाटकातून आत येत होती. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जे नळावर बोलायला हवं होतं ते बोललो. मला आकडे वाचता येत नव्हते. भाषणात मला कळलं आणि तरी मी तुला खोटं सांगितलं. कापसाचंही खोटं सांगितलं. लाज वाटली म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजूबाजूला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज बारीक करत होतो आणि तसा बारीक झाला की त्याला कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

तो ऐकत राहिला. शेवटचं वाक्य संपल्यावर त्याने नवा कागद जुन्या कागदावर ठेवला, दोन्हींची एक घडी केली आणि पिशवीत घातली. रागावला नाही. रागावेल याची मी वाट बघत होतो.

"मी बगितला व्हता फळ्यावर," तो म्हणाला. "साठ खाली लिवलेलान्. बाण पन खाली जात व्हता. म्हनूनच तुला इचारला. तू म्हनालास, फर्स्ट क्लास. मंग मला वाटला, मीच काय तरी चुकीचा बगितला आसंल."

हे तो फार मोठ्याने बोलला. आपला आवाज केवढा निघतो हे त्याला आताशा कळत नसे. फाटकातून येणारी माणसं थांबून आमच्याकडे बघायला लागली, आणि मी त्याचा हात धरून तसाच पायरीवर उभा राहिलो.